'डकिंग'ला मराठीत काय म्हणावं?

मुग्धा: एका गेमच्या सेटिंग्ज मराठीत करते आहे. संगीत, परिणाम-ध्वनी, संवाद या तीन सरकपट्ट्या झाल्या. अडलंय त्यांच्या खालच्या चौकटीपाशी. कोणी बोलू लागलं की संगीत आपोआप खाली जातं, बोलणं संपलं की वर येतं, त्याला मूळ शब्द 'डकिंग'. मी 'संगीत दाबा' लिहिलं, तर तपासणाऱ्याने ते बटण समजून दाबून पाहिलं. 'संवादावेळी संगीत हळू' केलं, तर दुसऱ्याने विचारलं, लय मंदावणार का?

शब्दप्रेमी: 'अवनमन' घ्या. नेमका शब्द आहे, रुळेल.

सुहास: कोणाला कळणार? सरळ 'म्यूट' लिहा, तेच तर होतं.

ध्वनिमुद्रक: सुहास, म्यूट नाही. संगीत साधारण सहा ते बारा डेसिबलच खाली जातं, ऐकू येत राहतं. आणि मुग्धाताई, 'आवाज कमी' असंही लिहू नका, कारण पट्टी जागची हलत नाही. आमच्या एका गेममध्ये नेमका हाच घोटाळा झाला होता. खेळणाऱ्याने संगीत ०.५ वर ठेवलेलं, म्हणजे सुमारे सहा डेसिबल खाली. डकिंग आणखी नऊ उतरवायचं, एकूण पंधरा. पण दोन्ही एकाच बसच्या एकाच आकड्यावर लिहीत होते. त्यामुळे संवाद संपला की संगीत उणे सहावर न थांबता थेट शून्यावर, म्हणजे पूर्ण आवाजात यायचं. शेवटी डकिंग आतल्या बसवर आणि पट्टी तिच्या वरच्या बसवर ठेवली, तेव्हा सुटलं.

शब्दप्रेमी: या 'बस'ला 'वाहिनी' का म्हणत नाही?

ध्वनिमुद्रक: वाहिनी म्हटलं की एकेक चॅनल डोळ्यांपुढे येतो. बसमध्ये अनेक आवाज एकत्र येतात. मूळ लॅटिन 'ओम्निबस', 'सर्वांसाठी'.

रेवा: इंग्रजीत 'डक' हे क्रियापद बुडी मारण्याचं, पक्ष्याचं नाव त्यावरून आलं. मग 'संगीताची बुडी' का नको? बुडी मारणारा वर येतोच.

सुहास: बरं, म्यूट नाही. पण संवादाची पट्टी शून्यावर नेली की डकिंग आपोआप थांबत असेल ना?

ध्वनिमुद्रक: इशारा पट्टीनंतर घेतला असेल तरच. आधी घेतला असेल तर न ऐकू येणाऱ्या वाक्यांसाठीही संगीत दबत राहतं. शांत जागी संगीत उगाच खालीवर झालं की समजायचं. आणि परतीचा वेळ फार कमी ठेवला, तर दोन शब्दांमधल्या फटीतही संगीत उसळी घेतं. मी अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करतो.

नलिनी: मला कमी ऐकू येतं. हे सेटिंग मी प्रत्येक गेममध्ये शोधते आणि बहुतेक वेळा ते संगीताखाली सापडतं. शब्द कुठलाही असो, ते संवादाच्या पट्टीखाली ठेवा.

मुग्धा: नलिनीताई, जागा बदलायला सांगते. सध्या 'संवादावेळी संगीत दबतं ठेवा' लिहिलंय.

शब्दप्रेमी: 'दबतं' मला बोलीतलं वाटतं. आणि 'सरकपट्टी' कुठून आली? 'घसरपट्टी' म्हणतात.

रेवा: घसरपट्टी खाली नेते. ही दोन्हीकडे सरकते.