फिट आली तर चमचा नको, घड्याळ बघा

"चौथीच्या वर्गात मुलाला फिट आली. दातखीळ बसली म्हणून चमचा घालायला गेले, जमलं नाही. काय करायला हवं होतं?"

ताई, चमचा गेला नाही ते बरंच झालं. फिटमध्ये जीभ गिळली जात नाही. फार तर कडेला चावली जाते आणि ती जखम भरून येते. चमच्याने मात्र दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. कांदा-चप्पल हुंगवूनही काही होत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, श्रेय मात्र कांद्याला मिळतं.

आधी घड्याळ बघायचं. माझ्या वर्गातल्या मुलीला फिट आली तेव्हा दहा मिनिटं झाल्यासारखी वाटली, प्रत्यक्षात दीडच झालं होतं. बाक सरकवले, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली, टाय सैल केला. हातपाय दाबून धरले नाहीत. झटके ओसरताच तिला कुशीवर वळवलं, तोंड किंचित खाली. लाळ बाहेर गळली आणि घरघरणारा श्वास मोकळा झाला. पुढे अर्धा तास ती गुंगीत होती, तोवर पाण्याचा घोटही दिला नाही. कपडे लघवीने ओले झाले होते, पण मुलांना आधीच बाहेर काढलं होतं.

झटके 5 मिनिटांपुढे गेले, शुद्ध न येता पुन्हा सुरू झाले, डोक्याला मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर लगेच 108. डॉक्टरांनी त्या मुलासाठी फिट थांबवणारा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल, तर तोही चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच, बहुधा याच 5 मिनिटांच्या टप्प्यावर.