मदत हवी आहे: सीओटू सेन्सर उत्तरच देत नाही, लॉजिक अ‍ॅनालायझर लावलाय पण दिसतंय त्याचा अर्थ लागत नाहीये

धिंगरीवाला
नमस्कार मंडळी. अळिंबीच्या खोलीत आर्द्रता आणि सीओटू मोजायचंय. आर्डुइनो प्रो मिनी (३.३ व्होल्टवाला), त्याला एसएचटी३१ आयटूसीवर आणि एमएच-झेड१९बी सॉफ्टवेअर सिरियलवर ९६०० ला. एसएचटी मस्त चालतोय, आकडे खोलीतल्या थर्मामीटरशी जुळतात, पण सीओटूवाला गप्प, एक बाइट परत येत नाही. आरएक्स-टीएक्स उलटसुलट करून झालं, सेन्सरही दुसरा लावून बघितला. शेवटी तो पाचसहाशेचा ८ चॅनलवाला अ‍ॅनालायझर मागवला आणि पल्सव्ह्यू टाकलं, तर यूएआरटी डिकोडर ९६०० ला नुसते फ्रेम एरर दाखवतोय, तेही माझ्याच टीएक्स लाइनवर! म्हणजे सेन्सर सोडा, मीच काय बोलतोय ते कळत नाहीये. एसएचटीचा भाग असा आहे, सीओटूला फक्त `FF 01 86 00 00 00 00 00 79` पाठवतो.

```
Wire.beginTransmission(0x44);
Wire.write(0x24); Wire.write(0x00);
Wire.endTransmission();
delay(10);
Wire.requestFrom(0x44, 6);
```

अर्धवट_सोल्डर
पुलअप लाव भाऊ, ४.७ के. नव्वद टक्के केसमधे तेच असतं.

पॅनलवाले_काका
अहो सोल्डर, यूएआरटीला कसला पुलअप. धिंगरीवाले, डिकोडर तात्पुरता बंद करा आणि कर्सर लावून हाताने मोजा. तुमच्या कमांडचा पहिला बाइट FF आहे हे नशीबच समजा, त्यात आठही बिट वर असतात, त्यामुळे लाइन खाली जाते ती फक्त स्टार्ट बिटला, एकच पल्स. तिची रुंदी म्हणजे एक बिट. ९६०० ला ती १०४ मायक्रोसेकंद यायला हवी, किती येते सांगा. आणि आयटूसीचा एससीएल पण चॅनलवर घेऊन त्याची फ्रीक्वेन्सी बघा. सॅम्पलिंग १ मेगाहर्ट्झ ठेवा, २४ ला जाऊ नका, जुन्या लॅपटॉपवर मधेच कॅप्चर तुटतं. अ‍ॅनालायझरची ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडली आहे ना?

धिंगरीवाला
ग्राउंड जोडलीये. पल्स २०८ येते काका. एससीएल ५० किलोहर्ट्झ, मी तर सेट काहीच केलेलं नाही म्हणजे १०० असायला हवा ना? अजून एक, आधी फालतू वाटलं म्हणून लिहिलं नाही, सिरियल मॉनिटर ९६०० ला कचरा दाखवतो, ४८०० केलं की नीट दिसतं. मी तसाच वापरत होतो.

पॅनलवाले_काका
मग झालं की. यूएआरटी निम्म्याने, आयटूसी निम्म्याने, मॉनिटर निम्म्याने. तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच पट चुकते तेव्हा वायर बघायचीच नाही, घड्याळ बघायचं. बोर्ड ८ मेगाहर्ट्झचा आहे आणि प्रोग्रॅम १६ चा समजून कंपाइल झालाय. टूल्समधे प्रोसेसर `ATmega328P (3.3V, 8 MHz)` करा. दोन्ही पर्यायांना अपलोडचा स्पीड ५७६०० च आहे, म्हणून चुकीचा निवडला तरी अपलोड विनातक्रार होतं आणि कुणाला संशय येत नाही. आयटूसी चालत राहिलं कारण तिथे घड्याळ आपणच पुरवतो, सेन्सरला ५० काय नि १०० काय. यूएआरटीत दोघांनी आधीच ठरवलेला वेग लागतो, म्हणून सीओटूवाला गप्प.

शेततळं४५
माझा पण असाच प्रॉब्लेम आहे, मातीचा मॉडबस सेन्सर आहे आरएस४८५ वाला, ए आणि बी दोन्ही वायरी अ‍ॅनालायझरला लावल्या तर डिकोडरमधे काहीही येतंय. याला पण प्रोसेसर बदलू का?

पॅनलवाले_काका
नाही हो, तुमचं वेगळं आहे. ए-बी थेट लावू नका, चिमुकल्या डब्याचं इनपुट जाईल. मॉड्यूलच्या आरओ पायावर लावा. बाकी नवीन धागा काढा.

धिंगरीवाला
काका सीओटू आला!! FF 86 ने सुरू होणारे ९ बाइट येतायत, मॉनिटर पण ९६०० ला सरळ. पण आता एसएचटी बिघडला 😭 तापमान १३०.०० आणि आर्द्रता १००.०० दाखवतोय, सतत. वायरला हातसुद्धा लावलेला नाही, फक्त प्रोसेसर बदलला.

अर्धवट_सोल्डर
मी म्हणत होतो ना. आता १०० किलोहर्ट्झ झाला, पुलअप कमी पडतोय. लावा ४.७ के.

पॅनलवाले_काका
यावेळी सोल्डरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, लांब केबल आणि कमजोर पुलअप असेल तर वेग वाढल्यावर बस पडू शकते. आणि हा अ‍ॅनालायझर फक्त ० आणि १ दाखवतो, लाइन सावकाश वर चढतेय का ते त्यात दिसत नाही, त्याला स्कोपच लागतो. पण बरोबर १३० आणि १०० म्हणजे सेन्सरचं रीडिंगच नाही. काहीच बाइट आले नाहीत तर `Wire.read()` उणे एक देतो, त्याचे झाले FFFF, ते फॉर्म्युल्यात टाकलं की −४५ + १७५ = १३०. तुम्ही सीआरसी तपासत नाही म्हणून ते तसंच छापलं जातंय. आता नॅक नेमका कुठे येतो ते बघून टाका इथे.

धिंगरीवाला
दरवेळी असंच येतंय, अगदी सेम:

```
Address write: 44   ACK
Data write: 24      ACK
Data write: 00      ACK
Stop
--- 10 ms ---
Address read: 44    NACK
```

पॅनलवाले_काका
बघा, पुलअपचा घोळ असता तर नॅक कधी इथे कधी तिथे आला असता, कधी कमांडचा बाइटच चुकला असता. इथे पत्ता ऐकला, कमांड ऐकली, तीनही अ‍ॅक स्वच्छ. मग वाचायला गेलं की नकार, आणि तोही दरवेळी त्याच जागी. म्हणजे सेन्सर कामात आहे. `0x2400` ही क्लॉक स्ट्रेचिंग नसलेली, हाय रिपीटेबिलिटीची कमांड आहे, तिला १२-१३ मिलिसेकंद लागतात, जास्तीत जास्त १५ धरा, आणि तोवर तो वाचायच्या पत्त्याला नॅकच देतो. तुमचा `delay(10)` चुकीच्या घड्याळामुळे प्रत्यक्षात २० चा होता म्हणून इतके दिवस निभावलं. आता खरोखर १० झाला.

धिंगरीवाला
`delay(20)` केलं, आला! आकडे परत जुळले. सोल्डरभाऊ राग मानू नका, केबल ३ मीटर आहे तर पुलअप पण घालतोच.

अर्धवट_सोल्डर
३ मीटरला ४.७ के नको मग, २.२ के घाल. (हे तरी बरोबर आहे ना काका?)

पॅनलवाले_काका
आहे. बोर्डावर आधीचे १० के असले तरी चालतील.

बटणवाली_ताई
माझं पण अळिंबीचंच आहे म्हणून सांगते, एमएच-झेडचं ऑटो कॅलिब्रेशन बंद करा. तो रोजचा सर्वात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, ४०० असं धरतो, आपल्या खोलीत तेवढं खाली जातच नाही, मग काही दिवसांत सगळंच कमी दाखवायला लागतो. `FF 01 79 00 00 00 00 00 86` पाठवा.

धिंगरीवाला
धन्यवाद ताई, हे माहीतच नव्हतं. एक भानगड उरलीये, फॉगरचा रिले पडला की कधीकधी प्रोग्रॅम जागेवर थिजतो. पकडायला अ‍ॅनालायझर लावून ठेवला तर रात्रभर एकदाही थिजला नाही, काढला की पुन्हा सुरू.

पॅनलवाले_काका
अ‍ॅनालायझर लावला की लॅपटॉपची ग्राउंड पण सर्किटला जोडली जाते, त्याने फरक पडत असेल, पण हे अंदाजाने बोलतोय. लॅपटॉप चार्जरवर होता का बॅटरीवर? दोन्ही करून बघा. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड आहे का तेही बघा. तोवर `Wire.setWireTimeout(25000, true);` टाका, म्हणजे बस अडकली तरी प्रोग्रॅम थिजणार नाही, पण आजार त्याने जाणार नाही.

धिंगरीवाला
चार्जरवर होता. रिले मॉड्यूलवर डायोड आहे, पण फॉगर थेट २३० वर आहे, त्याला काहीच नाही. आज बॅटरीवर ठेवून बघतो.