गेल्या पावसाळ्यातले हिरवे तास पिवळे का झाले?

होटगी रोडचा रहिवासी

आपल्या गटाच्या हवेच्या डॅशबोर्डवर गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2023 च्या, जुलै-ऑगस्टमधले कितीतरी तास हिरवे होते, ते आता पिवळे दिसत आहेत. वर्ष उलटल्यावर जुनी हवा बिघडते कशी? शिवाय मध्ये मध्ये राखाडी चौकोन आहेत. यंत्र बंद पडले असेल, तर आधीच्या तासाचा आकडा पुढे लावून ते भरता येणार नाहीत का? आकड्यांत कोणीतरी हात घालत आहे, असे मला स्पष्ट वाटते.

फलक सांभाळणारा

हात घालण्याचा आरोप मला लागला, म्हणून सविस्तर लिहितो. गच्चीवरच्या यंत्राने दिलेला एकही आकडा बदललेला नाही. बदलले आहेत ते पट्टे, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा त्या मर्यादा. तासागणिक रंग दाखवण्यासाठी आपण अमेरिकी पद्धत घेतली आहे, आणि तिथल्या पर्यावरण खात्याने 6 मे 2024 पासून सूक्ष्म धूलिकणांच्या ‘चांगली’ पट्ट्याची वरची मर्यादा घनमीटरमागे 12 मायक्रोग्रॅमवरून 9 वर आणली. गेल्या ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी दुपारचा आकडा 10.5 असेल, तर जुन्या पट्ट्यांनुसार त्याचा निर्देशांक 44 येत होता आणि चौकोन हिरवा होता. नव्या पट्ट्यांनुसार त्याच 10.5 चा निर्देशांक 54 येतो आणि चौकोन पिवळा होतो. सोलापूरच्या पावसाळ्यातले बरेच तास नेमके 9 आणि 12 च्या मधे पडतात, त्यामुळे हा बदल इतका ठळक दिसला. हिवाळ्यातले तास आधीही 12 च्या वरच होते, म्हणून तिथे हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. नवे पट्टे मी संपूर्ण इतिहासाला लावले आणि त्याची सूचना कुठेही लिहिली नाही. ती लिहायला हवी होती.

जुळे सोलापूर

सूचना लिहिण्यापुरता हा प्रश्न नाही. ज्या दिवशी जो पट्टा लागू होता, त्याच पट्ट्याने त्या दिवसाचा रंग कायम राहिला पाहिजे. गेल्या ऑगस्टमध्ये मी सासऱ्यांना रोज सकाळी डॅशबोर्ड पाहून फिरायला पाठवत होते. त्यांना दम्याचा त्रास आहे. आज तेच दिवस पिवळे पाहून ते मला विचारतात, “म्हणजे तेव्हा तू मला खराब हवेत पाठवत होतीस का?” त्यांना मी काय उत्तर देऊ? त्या दिवशी लोकांना जे सांगितले गेले, त्याची नोंद पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

फलक सांभाळणारा

ताई, आपल्या सासऱ्यांना सांगा की हवा तीच होती. 9 च्या वर पण 12 च्या आत असलेल्या हवेकडे पाहण्याची दृष्टी तेवढी कडक झाली आहे. पण आपण म्हणता तसे जुने रंग जुन्याच पट्ट्यांनी गोठवले, तर उलटा घोटाळा होतो. 2023 चा आणि 2024 चा पावसाळा शेजारी ठेवला की दुसऱ्या वर्षी हवा बिघडली असे चित्र दिसेल, आणि आकडे मात्र जिथल्या तिथेच असतील. वर्षांची तुलना करायची असेल, तर दोन्ही वर्षांना एकच पट्टा लावावा लागतो.

मोजणीवाला

आपण दोघेही बरोबर आहात, कारण प्रश्न दोन आहेत आणि आलेख एकच आहे. पट्ट्यांची मर्यादा प्रोग्रॅममध्ये कायमची लिहून ठेवली की हे असेच होते. पट्ट्यांचा वेगळा तक्ता ठेवून प्रत्येक ओळीला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा द्याव्यात. मग ‘त्या दिवशी काय सांगितले होते’ आणि ‘आजच्या पट्ट्याने काय दिसते’ ही दोन्ही चित्रे त्याच मूळ आकड्यांवरून काढता येतात, आणि वाचकाला कोणते पाहायचे ते निवडता येते.

त्या राखाडी चौकोनांपैकी काहींबद्दल मला वेगळीच शंका आहे. जुने पट्टे 12.0 ला संपून 12.1 ला सुरू होत होते, नवे 9.0 ला संपतात आणि 9.1 ला सुरू होतात. आकडा 9.04 आला तर तो कोणत्या पट्ट्यात बसतो? दशांशानंतरचा एकच अंक ठेवून उरलेले कापायचे, आणि नंतरच पट्टा शोधायचा, असा नियम आहे. आपण ते कापता का?

फलक सांभाळणारा

आत्ता तपासले. कापत नव्हतो. 9.04 ला पट्टा सापडत नव्हता आणि प्रोग्रॅम त्याला ‘आकडा नाही’ समजून राखाडी करत होता. यंत्र त्या तासांत व्यवस्थित चालू होते. ही चूक पूर्णपणे माझी आहे आणि आज रात्री दुरुस्त करतो.

यंत्रमागवाला, अशोक चौक

म्हणजे पहिल्या लिहिणाऱ्याची शंका खरी ठरली, हे आधी कबूल करा. आता माझे ऐका. आमच्याकडे वीज गेली की माग बंद, आणि वीज आली की माग सुरू. मधल्या वेळेत चादर किती विणली गेली, याचा अंदाज आम्ही आधीच्या तासावरून करतो आणि तो चुकत नाही. हवेचेही तसेच करावे. दोन तासांत हवा किती बदलणार आहे? चौकोन राखाडी ठेवला की लोक काहीही कल्पना करतात, आणि शेवटी बोट यंत्रमागांच्या कारखान्यांकडेच दाखवले जाते. हे मी वीस वर्षे पाहतो आहे.

मोजणीवाला

दुपारच्या एका तासापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. प्रत्यक्षात तासाचा रंग मागच्या बारा तासांची भारित सरासरी धरूनच काढला जातो, आणि शेवटच्या तीन तासांपैकी दोन तासांचे आकडे हाती असले तरी तो काढता येतो. त्यामुळे एक तास रिकामा गेला तर चौकोन रंगीतच राहतो. दुपारी 2, 3 आणि 4 चे आकडे आले नाहीत, तर राखाडी चौकोन 3, 4 आणि 5 ला दिसतात. 5 वाजता यंत्र सुरू झालेले असते, तरी शेवटच्या तीन तासांपैकी एकच आकडा हाती असतो. लोकांना वाटते की यंत्र अजून बंद आहे.

पण आकडा पुढे ओढण्याचा खरा धोका रात्री कळतो. लक्ष्मीपूजनाची रात्र कल्पनेत घ्या. रात्री 8 ला वीज गेली आणि पहाटे 4 ला आली, म्हणजे आठ तास रिकामे. उरलेल्या सोळा तासांची सरासरी 40 आहे असे धरू. आपल्या देशातील निर्देशांकाला चोवीसपैकी किमान सोळा तासांचे आकडे लागतात, म्हणजे अट नेमकी पूर्ण होते. 40 चा निर्देशांक येतो 67, ‘समाधानकारक’. आता आपल्या पद्धतीने संध्याकाळी 7 चा आकडा, समजा 55, त्या आठही तासांना लावला. सरासरी 45 होते आणि निर्देशांक 75. पुन्हा ‘समाधानकारक’. प्रत्यक्षात मात्र त्या आठ तासांत फटाक्यांच्या धुराने सरासरी 140 असेल, तर पूर्ण दिवसाची सरासरी 73 च्या पुढे जाते, निर्देशांक 144 येतो आणि दिवस ‘मध्यम’ ठरतो. ज्या रात्री मोजणे सर्वांत गरजेचे होते, तीच रात्र आपण संध्याकाळच्या हवेने भरून टाकली.

यंत्रमागवाला, अशोक चौक

140 हा आकडा आपण मनाने धरलेला आहे. मी 60 धरला तर?

मोजणीवाला

60 धरला तर सरासरी 46.7 येते आणि आपली पद्धत जवळपास बरोबर ठरते. माझा मुद्दा हाच आहे की 60 की 140 हे आपल्या दोघांनाही माहीत नाही, आणि आकडा पुढे ओढणारा डॅशबोर्ड ते माहीत असल्याचे दाखवतो. सोळा तासांची अट किती तास रिकामे आहेत एवढेच मोजते. कोणते तास रिकामे आहेत, हे ती पाहत नाही.

जुळे सोलापूर

आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये वीज दुपारीच जाते, आणि धूळ उडवणारा वाराही दुपारीच सुटतो. म्हणजे आमचे रिकामे तास नेहमी एकाच प्रकारचे असतात. एवढी सरळ गोष्ट इतके दिवस कोणीच का सांगितली नाही? माझ्या सासऱ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, म्हणून मी चिडून बोलते आहे.

रेल्वे लाइन्स

मला हा सगळा वादच समजत नाही. मी पहाटे साडेपाचला फिरायला निघतो, तेव्हा कचरा पेटवलेला असतो, डोळे चुरचुरतात, आणि सरकारी निर्देशांक ‘समाधानकारक’ दाखवतो. तिथे पट्टा 9 केला काय आणि 12 केला काय, माझ्या डोळ्यांना काही फरक पडत नाही. सरकारी आकडा बिघडलेल्या यंत्राचा असला पाहिजे.

मोजणीवाला

यंत्र बिघडलेले नसेलही. सरकारी निर्देशांक धूलिकणांसाठी मागच्या चोवीस तासांची सरासरी धरतो, आणि पहाटेचा एक तास त्या सरासरीत चोविसाव्या हिश्शाएवढाच मोजला जातो. आपल्या डोळ्यांना चुरचुरते ते त्या तासाचे. आपल्या देशातील निर्देशांकाचे 30, 60, 90 हे पट्टे चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरवलेले आहेत. एका तासाच्या कच्च्या आकड्याला ते थेट लावणे चुकीचे आहे, मग तो आकडा कमी असो वा जास्त. यंत्र खरेच बिघडले आहे का, हे पाहायचे असेल, तर एकच आकडा दशांशासकट सलग तासन्‌तास येतो आहे का, किंवा सूक्ष्म कणांचा आकडा एकूण धूलिकणांच्या आकड्यापेक्षा मोठा आला आहे का, ते बघा. दुसरी गोष्ट घडणे शक्यच नाही, कारण सूक्ष्म कण एकूण कणांतच मोजलेले असतात.

होटगी रोडचा रहिवासी

माझी शंका 9.04 पुरती खरी ठरली आणि पट्ट्यांपुरती चुकीची ठरली, हे मान्य करतो. पण एक मुद्दा उरतोच. आपले गच्चीवरचे यंत्र प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजते. पावसाळ्यात हवा दमट असली की कण पाणी धरून फुगतात आणि यंत्र जास्त आकडा दाखवते. मग 10.5 हा खरोखर 10.5 होता की 8.5? 9 आणि 12 मधला फरक इतका लहान आहे की तो यंत्राच्या चुकीतच बुडून जाईल. अशा आकड्यावर हिरवा की पिवळा हे ठरवण्यात अर्थ काय?

फलक सांभाळणारा

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. आर्द्रतेची दुरुस्ती लावता येते, पण ती करायला काही आठवडे हे यंत्र सरकारी यंत्राशेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडून पाहावे लागतात, आणि ते आपण अजून केलेले नाही. तोवर पट्ट्यांचा तारखेसह तक्ता मी बनवतो, राखाडी चौकोनावर ‘वीज नव्हती’ की ‘आकडे अपुरे’ हे कारण लिहितो, आणि आकडा पुढे ओढणार नाही.

यंत्रमागवाला, अशोक चौक

ओढू नका. पण राखाडी चौकोनाखाली वीज किती तास नव्हती, हेही लिहा. ते लिहिले तर माझी हरकत नाही.