अनुभव धागा : घरातल्या वृद्धांना ऊन बाधलं, तेव्हा नेमकं काय दिसलं?

मेघना
सासूबाई ८१ वर्षांच्या. दुपारी घराबाहेर पडतच नाहीत, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण उष्णतेच्या लाटेत त्या दिवसभर पडूनच राहतात, विचारलं तर "काही नाही गं, गळून गेल्यासारखं वाटतं" एवढंच. नुसता थकवा कुठे संपतो आणि उष्माघात कुठे सुरू होतो, हे तुम्ही कसं ओळखलंत? प्रत्यक्ष अनुभव लिहा.

शरद
बाबा ७८ वर्षांचे, खोली वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. उन्हात पाऊलही टाकलं नव्हतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. लाटेचे काही दिवस उलटले होते आणि रात्रीही खोली निवत नव्हती. आधी जेवण कमी झालं, मग डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाले. तोवर बोलणं अगदी व्यवस्थित होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू वर गेली, तर म्हणाले, "किल्ल्या दे, दुकान उघडायला उशीर झाला." दुकान बंद करून कैक वर्षं झाली होती. शर्टाची बटणं उलटसुलट घरांत, आणि अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम आणि कोरडं. काखेत थर्मामीटर लावला, ३९.६. घरात कुणी तापाची गोळी शोधायला लागलं, कुणी पाण्याचा पेला तोंडाला लावायला. शेजारच्या ताई नर्स आहेत, त्यांनी दोन्ही थांबवलं. आधी रुग्णवाहिकेला फोन. मग कपडे काढून अंगावर साधं पाणी ओतत राहायचं आणि समोर पंखा फुल्ल. मान, काखा आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या, फडक्यात गुंडाळून. गाडी येईस्तोवर हे चालूच होतं. रुग्णालयात गुदद्वारातून मोजलेलं तापमान तरीही ४०.८ भरलं. बाबा वाचले, पण मूत्रपिंडं ताळ्यावर यायला वेळ लागला.

चंदू
खूण सोपी आहे. घाम येतोय तोवर घाबरू नका, घाम आटला की उष्माघात.

वैशाली
चंदू, अर्धं बरोबर. मी तातडीच्या विभागात काम करते. वृद्धांमध्ये कातडी कोरडी पडलेली पुष्कळदा दिसते, पण घामाने चिंब माणूसही उष्माघातात असू शकतो. घामावर विसंबू नका, डोक्याकडे बघा. बरळणं, विनाकारण चिडणं, चालताना झोक जाणं, हाक मारली तर नीट जाग न येणं, झटके. अंग तापलेलं आणि यातलं काहीही असेल, तर थर्मामीटरच्या आकड्यासाठी थांबू नका. काखेतला आकडा आतल्या तापमानापेक्षा कमीच दाखवतो, शरदच्या बाबांचंच बघा.

तापाची गोळी इथे लागू पडत नाही, कारण हा मेंदूने चढवलेला ताप नव्हे. शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नाहीये. आणि शुद्ध हरपत असलेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मेघनाताई, तुमच्या सासूबाईंचं बोलणं जागेवर असेल तर गार खोलीत आडवं करा, पाय थोडे उंच, ओली फडकी, घोटघोट पाणी. अर्ध्या तासात तरतरी आली नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर वाट बघू नका. विसराळूपणा आधीपासून असेल, तर "आज नेहमीपेक्षा वेगळं काय?" हे रोज बघणाऱ्यालाच कळतं.

गोपाळ
मला सायकल चालवल्यावर पोटऱ्यांत गोळे येतात. वय ३४. मिठाचं पाणी घेतो, उतरतात. हाही उष्माघातच ना?

वैशाली
नाही. पण इथे प्रश्न वृद्धांचा चाललाय हो.

मेघना
सासूबाईंचं हृदय कमजोर आहे. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय. मग लाटेत काय करायचं?

वैशाली
हे आपापलं ठरवू नका, आणि गोळीही मनाने बंद करू नका. लाटेचा इशारा आला की त्याच डॉक्टरांना फोन करून मर्यादा आणि गोळ्या दोन्ही विचारा. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. झपाट्याने घटलं तर पाणी कमी पडतंय, वाढलं तर साठतंय. घरबसल्या याहून नेमकं काही मला माहीत नाही.

निशा
पंख्याबद्दल थोडं. खोलीच चाळीस अंशांच्या पुढे गेली, तर कोरड्या अंगावर पंखा गरम हवाच मारतो. अंग ओलं हवं. आमची आई ओल्या अंगावर वारा घेतला की सांधे धरतात म्हणून तयारच होत नाही. शेवटी फक्त हात-पाय ओले करण्यावर तडजोड झाली. पुरतं की नाही, देव जाणे.

शरद
आता बाबांना फोनवर "बरे आहात ना?" असं विचारत नाही, उत्तर "हो"च येतं. सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात आणि रंग कसा होता, हे विचारतो. वैतागतात. पण वैताग नेहमीच्या शिव्यांसकट आला की डोकं जागेवर आहे हे कळतं.

चंदू
घामाचं पटलं. पण रात्री झोपेत काही झालं तर कळणार कसं?