मदत हवी आहे: खातं बंद करायचा अर्ज परत आला, दोन चेकचा हिशेब लागत नाही

कोरापान

नमस्कार मंडळी. एक जुनं बचत खातं बंद करायचंय. ज्या शाखेत खातं आहे ती आता फार लांब पडते, म्हणून लेखी अर्ज, उरलेलं चेकबुक आणि डेबिट कार्ड असं सगळं एका पाकिटात घालून कुरियरनं पाठवलं. आठ दिवसांनी पाकीट जसंच्या तसं परत. वर टाचणीनं एक चिठ्ठी: "सही जुळत नाही. चेक क्र. 458 व 462 चा खुलासा करावा."

चेकबुक 25 पानी, 451 ते 475. त्यातली 465 ते 475 ही 11 कोरी पानं मी परत पाठवली होती. 464 पर्यंतचे सगळे वापरून झाले असं मी धरून चालले होते. आता काउंटरफॉइलं काढून बघितली तर 462 वर माझ्याच अक्षरात "गायन क्लास, 3,500" असं लिहिलंय. सात आठवड्यांपूर्वीचा चेक, बाईंनी अजून भरलेलाच दिसत नाही. 458 च्या काउंटरफॉइलवर काहीच नाही, नुसता पेन चालतो का बघायला मारलेला गोल.

सहीचं म्हणाल तर खातं उघडलं तेव्हा मी पूर्ण नाव लिहायचे, आता नुसती एक फराटी उरलीय. खात्यात 6,240 आहेत. आता नेमकं काय करू? जुनी सही सराव करून ठोकून देऊ का?

झटपट

एवढा त्रास कशाला? पैसे दुसऱ्या खात्यात वळवा, शिल्लक शून्य करा आणि विसरून जा. वापर नसला की खातं आपोआप बंद होतं.

निवांतपणे

झटपट, आपोआप बंद नाही होत हो, आधी निष्क्रिय होतं. खातं तसंच जिवंत राहतं, फक्त झोपलेलं. किमान शिल्लक ठेवायची अट असेल तर निष्क्रिय होईपर्यंत दंड लागू शकतो, कार्डाचं वार्षिक शुल्क वेगळं. माझ्या भावानं हेच केलं होतं. दोन वर्षांनी खरंच बंद करायला गेला तर आधी ओळखीची कागदपत्रं देऊन खातं जागं करा म्हणाले, मग बंद करू. म्हणजे दुप्पट काम.

कोरापान, 462 ला स्टॉप पेमेंट टाका आणि 458 ला पण. मिटलं.

सात_सूर

मीही कार्ड बंद केलं तेव्हा माझे सगळे रिवॉर्ड पॉइंट बुडाले. आधी पॉइंट वापरून घ्या! आणि शेवटचं बिल भरलं तरी पुढच्या महिन्यात व्याजाचे काही पैसे निघतातच, तेव्हा एक बिल वाट बघा.

कोरापान

सात_सूर, ते क्रेडिट कार्ड झालं. माझं खात्याला जोडलेलं साधं डेबिट कार्ड आहे, त्याला बिल नाही. पॉइंट असतील तर मलाच माहीत नाहीत :)

काउंटरमागे

22 वर्षं शाखेत काढली, त्यातली बरीच अशाच अर्जांवर. तुमचा अर्ज परत आला हे बरंच झालं. तसाच मंजूर झाला असता तर गायनाच्या बाई पुढच्या महिन्यात चेक भरायला गेल्या असत्या आणि तो "खाते बंद" या शेऱ्यानं परत आला असता. नुसती शिल्लक कमी पडली तर माणूस समजून घेतो. बंद खात्याचा चेक दिला म्हटलं की ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातून कायद्याची भानगडही होऊ शकते.

बँकेच्या संगणकात प्रत्येक पानाची वेगळी नोंद असते: दिलं, वटलं, थांबवलं, नष्ट केलं. तुमची 458 आणि 462 ही दोन पानं "दिलं" वरच अडकली आहेत. समोरच्या माणसाला ती कुठे आहेत हे कळायला दुसरा मार्गच नाही, म्हणून खुलासा मागितला.

निवांतपणे म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. 458 हरवलंय किंवा फाटलंय, त्याला स्टॉप पेमेंट टाकणं रास्तच. पण 462 चे पैसे तुम्ही बाईंना खरोखर देणं लागता. स्टॉप पेमेंटनं चेक थांबतो, देणं थांबत नाही. आधी बाईंना फोन करा. चेक सापडला तर परत घ्या, त्यावर दोन आडव्या रेघा मारून रद्द लिहा आणि 3,500 नव्या खात्यातून द्या. नसेल सापडत तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या की चेक गहाळ झाला आहे, सापडल्यास भरणार नाही. मग स्टॉप पेमेंट टाका आणि त्यानंतरच नवे पैसे द्या. क्रम उलटा केलात तर एकाच कामाचे दोनदा पैसे जायची सोय तुम्हीच करून ठेवाल.

आणि सहीचा सराव अजिबात नको. बळंच काढलेली जुनी सही नमुन्याशी ताडली की लगेच ओळखू येते, अक्षरं अडखळत काढलेली असतात. स्वतःचीच सही नकली वाटावी असं का करायचं? त्याच बँकेची जवळची कुठलीही शाखा गाठा, ओळखपत्र दाखवा, अधिकाऱ्यासमोर सही करा. ते साक्षांकित करून अर्ज मूळ शाखेला पाठवू शकतात. काही बँका आधी सही बदलण्याचा वेगळा अर्ज मागतात, ते तिथेच विचारा.

निवांतपणे

मान्य. 462 चं मी फार घाईत लिहिलं.

कोरापान, एक राहिलं. कार्ड अख्खंच पाठवलं होतंत का?

कोरापान

हो, अख्खं. पाकिटात सुटं. 🙈

काउंटरमागे

बापरे. पिन तरी सोबत लिहून दिला नव्हतात ना? हसू नका, लोक देतात.

पुढच्या वेळी आधी फोनवरून किंवा ॲपमधून कार्ड कायमचं बंद करा. मग कात्री घेऊन तुकडे करा, एक कापा चिपच्या बरोबर मधून आणि एक मागच्या काळ्या पट्टीतून. चिप शाबूत ठेवून कोपरे कापले तर काही उपयोग नाही. कोरे चेकही असेच पाठवू नका. 11 च्या 11 पानांवर तिरप्या दोन रेघा मारून मध्ये रद्द लिहा आणि खालच्या चुंबकीय शाईच्या आकड्यांवरून कात्री चालवा. सही मात्र एकाही पानावर नको. सही केलेल्या पानावर नुसतं रद्द लिहून ठेवण्यात मला कधीच शहाणपण वाटलं नाही.

दोनदा_बघा

कार्डाचं आणखी एक. व्यायामशाळेची वर्गणी माझ्या कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापली जायची. ती बंद केली, उरलेले पैसे परत येणार होते. ते येईपर्यंत न थांबता मी खातं बंद केलं. परतावा बंद खात्यावर आपटून उलट त्यांच्याकडेच गेला. आमच्याकडून पाठवून झाले, असं ते म्हणायचे. आमच्याकडे असं खातंच नाही, असं बँक म्हणायची. सुटायला अडीच महिने लागले. तेव्हा शेवटच्या वर्षभराचं स्टेटमेंट काढून बघा, आपोआप कापलं जाणारं किंवा परत यायचं काही आहे का. वर्षभराचं यासाठी की काही वर्गण्या वर्षातून एकदाच कापतात. आणि स्टेटमेंट खातं चालू असतानाच उतरवून घ्या, नंतर लॉगिनच होत नाही.

कोरापान

सगळ्यांचे आभार. घडलेलं सांगते.

बाईंना फोन केला. "अगं, तो चेक मी पेटीच्या खणात ठेवला होता ना," म्हणाल्या. शोधला, सापडला नाही. पेटी मध्ये दुरुस्तीला गेली होती म्हणे. मग त्यांनी दोन ओळी लिहून सही करून दिल्या, मी दोन्ही चेकना स्टॉप पेमेंट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी नव्या खात्यातून 3,500 पाठवले. दोन चेक थांबवल्याबद्दल शुल्क कापून खात्यात आता 6,140 आहेत. स्टेटमेंटमध्ये एक वार्षिक वर्गणीही निघाली, पुढच्याच महिन्यात कापणार होती. ती नव्या खात्यावर वळवली.

नवा अर्ज असा लिहिलाय, बघून सांगा:

"महोदय, माझे वरील क्रमांकाचे बचत खाते बंद करावे ही विनंती. खात्यातील शिल्लक आजवरच्या व्याजासह माझ्या दुसऱ्या खात्यात वर्ग करावी. त्या खात्याचा तपशील व रद्द केलेला चेक सोबत जोडला आहे. चेक क्र. 465 ते 475 अशी 11 कोरी पाने रद्द करून परत करीत आहे. चेक क्र. 462 ज्यांना दिला त्यांच्याकडून गहाळ झाला आहे, त्यांचे पत्र सोबत आहे. चेक क्र. 458 माझ्याकडून गहाळ झाला असून तो मी कोणालाही दिलेला नाही. दोन्हींवर स्टॉप पेमेंट नोंदवले आहे. डेबिट कार्ड (शेवटचे चार अंक नमूद) बंद करून त्याचे तुकडे सोबत जोडले आहेत. खाते बंद झाल्याची तारीख लेखी कळवावी."

काउंटरमागे

उत्तम. फक्त 458 बद्दल "कोणालाही दिलेला नाही" हे नक्की आठवत असेल तरच लिहा. नसेल तर "दिल्याचे स्मरणात नाही" असं लिहा. ते वाक्य तुमच्या सहीनिशी फाईलला लागतं. आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. चेकच्या पानांची संख्या त्या पोचेवर दिसली पाहिजे. "पाकीट मिळाले" एवढ्या पोचेला अर्थ नाही.

कोरापान

"स्मरणात नाही" केलं. खरं सांगायचं तर खरंच नाही आठवत.

आज जवळच्या शाखेत जाऊन आले. अधिकारी बाईंनी ओळखपत्र बघितलं, समोर सही करून घेतली. मग चेकची पानं माझ्यासमोर एक एक मोजली, 11 भरली, आणि कार्डाचे चार तुकडे टेबलावर जुळवून चारच आहेत ना ते बघितलं. प्रतीवर शिक्का मिळाला. सही बदलायचा वेगळा अर्ज लागेल की नाही हे मूळ शाखा ठरवेल म्हणाल्या. ॲपमध्ये खातं अजून चालूच दिसतंय.

सात_सूर

आणि पॉइंट?

कोरापान

340 होते. विचारलं. खातं बंद होण्याआधी वापरा म्हणाल्या, पण कार्डाचे तर तुकडे झालेत. ॲपमधून वापरता येतात का, कोणाला माहीत आहे?