रोजची पिग्मी की महिन्याची आरडी?

> भाऊ रिक्षा चालवतो. रोज शंभर रुपये पिग्मीत टाकावेत की महिन्याची आरडी काढावी?

माझं मत पिग्मीच्या बाजूने, पण हिशेब बघून ठरवा. महिन्याला पंचवीस दिवस धंदा धरला तर वर्षाला 30,000 जमतात. पिग्मीवर 3 टक्के व्याज धरलं तर साधारण साडेचारशे रुपये मिळतील, आरडीवर साडेसहा टक्क्यांनी हजाराच्या आसपास. म्हणजे एजंट स्टँडवर येऊन पैसे नेतो त्याची किंमत वर्षाला सहाशे रुपये. रिक्षावाल्याच्या हातात महिनाअखेरीस एकरकमी अडीच हजार उरणं किती कठीण असतं ते घरात बघितलंय, म्हणून मला ही किंमत परवडणारी वाटते. शिवाय आरडीचा हप्ता चुकला की दंड लागू शकतो. पिग्मीत सुट्टीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी काही होत नाही.

खरा फटका मध्येच खातं मोडल्यावर बसतो. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांच्या आत पैसे काढले तर व्याज मिळत नाही, वर एजंटचं कमिशन मुद्दलातून कापतात. हा नियम खातं उघडतानाच विचारा.

आणि बँक की पतसंस्था, हे आधी बघा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला ते लागू नाही.

एजंटच्या मशीनची पावती रोज घ्यायची. मेसेज येत असेल तर त्यातली एकूण शिल्लक पावतीशी जुळते का ते बघायचं, आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यायचं. एजंट "मशीन बंद आहे, उद्या देतो" म्हणाला तर त्या दिवशी पैसे देऊ नका.