मदत हवी आहे: सूत्राचा लॉग घेऊन आलेली शेकडा त्रुटी आणि लॉग टेबलवरून आलेली त्रुटी जुळत नाही

सोनचाफा_२३
एफवायबीएस्सी, फिजिक्स प्रॅक्टिकल. पट्टी दोन नाइफ एजवर ठेवून मधोमध वजन टांगायचं, ती किती झुकते ते ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने बघायचं आणि यंग मॉड्युलस काढायचा. सूत्र असं:

Y = M g L³ / (4 b d³ δ)

माझी रीडिंग्ज: M ५०० ग्रॅम, L ८०.० सेमी (मीटरपट्टी, ०.१ पर्यंत), रुंदी b २.५० सेमी (व्हर्नियर, ०.०१), जाडी d ०.५१२ सेमी (स्क्रू गेज, ०.००१), झुकाव δ ०.०९४ सेमी (मायक्रोस्कोप, ०.००१). Y साधारण २ × १०¹¹ येतो, म्हणजे पोलादाच्या जवळ. तिथे काही अडचण नाही.

अडचण जर्नलच्या शेवटच्या पानावर आहे. सरांनी सांगितलं, दोन्हीकडे लॉग घ्या, डिफरन्शिएट करा, घात पुढे येतात. ते केलं. पण b, d आणि δ खाली आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे वजा चिन्ह येतं, आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये मात्र सरसकट अधिक आहे. का, हे विचारलं तर "मॅक्सिमम एरर" एवढंच उत्तर.

दुसरं म्हणजे, पडताळा म्हणून मी लॉग टेबल उघडलं. log 5.12 = 0.7093, log 5.13 = 0.7101. फरक ०.०००८, घात तीन म्हणून ०.००२४, म्हणजे ०.२४ टक्के. पण 3Δd/d काढलं तर ०.५९ टक्के येतं. दोन्ही लॉगच, मग उत्तरं वेगळी कशी?

बारावी_पास_२००४
मीन डिफरन्सचा कॉलम बघायचा राहिला असेल. चौथा अंक असला की उजवीकडच्या छोट्या रकान्यातला आकडा मिळवावा लागतो. आमच्या वेळी बोर्डात यावरच मार्क जायचे.

सोनचाफा_२३
५.१२ आणि ५.१३ ला चौथा अंकच नाही, दादा. टेबल बरोबरच वाचलंय.

खडूफळा
टेबल बरोबर वाचलं आहेस आणि 3Δd/d सुद्धा बरोबर आहे. ०.२४ ला २.३०३ ने गुणून बघ, ०.५५ येईल.

टेबलमधला लॉग दहाच्या पायाचा असतो. "लॉगमधला छोटा बदल म्हणजेच सापेक्ष बदल" हे फक्त नैसर्गिक लॉगला लागू पडतं. दहाचा पाया घेतला की प्रत्येक पदाला ०.४३४३ चिकटतो. सूत्राच्या दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन डिफरन्शिएट करतो तेव्हा तो ०.४३४३ डावीकडेही असतो आणि उजवीकडेही, म्हणून कटून जातो. त्यामुळे जर्नलमध्ये कोणता लॉग घेतला याने काही बिघडत नाही आणि कुणी विचारतही नाही. तू मात्र उजव्या बाजूचं एक पद एकटं उचललंस आणि त्याला थेट टक्के म्हणालीस. तिथे तो कटायला जोडीदार नव्हता.

उरला ०.५५ आणि ०.५९ मधला फरक. तो चार अंकी टेबलाचा आहे. खरा फरक ०.०००८४७, टेबल तो ०.०००८ दाखवतं. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की हातात एकच अंक राहतो. म्हणून टेबलवरून त्रुटी काढू नये. त्यावर Y चा गुणाकार-भागाकार खुशाल कर, त्यासाठीच ते आहे.

आता चिन्हांचं. वजा चिन्ह खोटं नाही. जाडी जास्त वाचली गेली तर Y कमी येणार, एवढंच ते सांगतं. पण जाडी तू जास्त वाचलीस की कमी, हे तुलाच ठाऊक नाही. ±०.००१ म्हणजे दोन्ही बाजू खुल्या. मग सर्वांत वाईट वाटप धर: L जास्त वाचला गेला, आणि b, d, δ तिन्ही कमी. चौघेही Y ला वरच ढकलतात. "मॅक्सिमम" चा अर्थ एवढाच. म्हणून चिन्ह टाकून फक्त आकार मिळवायचे.

ते मिळवून बघ. L चा ०.१२५ टक्के तिप्पट होऊन ०.३७५. b चा ०.४. d चा ०.१९५ तिप्पट होऊन ०.५९. आणि δ? तो दोन रीडिंगांची वजाबाकी आहे, वजनाशिवाय एक आणि वजनासकट एक. प्रत्येकात ०.००१ धरलं तर ०.००२, म्हणजे २.१ टक्के. बेरीज ३.५ टक्के, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या δ चा, ज्याच्यावर घातसुद्धा नाही. "घात मोठा तिथे त्रुटी मोठी" असं व्हायवामध्ये पाठ म्हणू नकोस. घात आणि मोजमापाची बारीकी दोन्ही मिळून ठरतं.

जाडीला स्क्रू गेज आणि रुंदीला व्हर्नियर का, हेही याच बेरजेत दिसतं. जाडी व्हर्नियरने मोजली असतीस तर ०.०१ भागिले ०.५१२, तिप्पट, म्हणजे ५.९ टक्के एकट्या d मुळे.

भोसरी_क्वालिटी
सर्व त्रुटी एकाच वेळी एकाच बाजूला जातील हे प्रॅक्टिकलमध्ये होत नाही. आमच्याकडे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. आणि d³ म्हणजे d × d × d, तीन पदं. म्हणून तीनपट नाही, √३ पट. हिशोब केला, एकूण २.२ टक्के येतात. ३.५ लिहिणं म्हणजे स्वतःच्या मोजमापाला उगाच बदनाम करणं.

खडूफळा
पहिला अर्धा भाग मान्य. चार वेगळी उपकरणं, चार स्वतंत्र मोजमापं, त्यांना वर्गमूळ चालतं. प्रथम वर्षाच्या जर्नलात साधी बेरीज मागतात म्हणून मी ती लिहिली.

√३ मान्य नाही. तीन d वेगळे नाहीत, एकच आकडा तीनदा गुणलेला आहे. तो जास्त वाचला गेला असेल तर तिन्ही जागी जास्तच. एक d वर, दुसरा खाली असं होऊन एकमेकांना सांभाळून घेणं इथे शक्यच नाही. लॉगमध्ये हे उघड दिसतं: 3 log d हे एक पद आहे, एका चलाचं. आधी तीनपट करा, मग वर्ग करा. तसं केलं तर २.२७ येतं. तुमच्या २.२ च्या इतकं जवळ आहे कारण δ ने सगळं झाकून टाकलंय. व्हर्नियरवाली जाडी घाला, मग एकट्या d चे ५.९ विरुद्ध ३.४ होतील.

भोसरी_क्वालिटी
पण जाडी आम्ही तीन ठिकाणी मोजतो. d₁ × d₂ × d₃ केलं तर √३ च येईल ना?

खडूफळा
तेव्हा येईल, हो. सरासरी घेतली तरी तेच: सरासरीची त्रुटी √३ ने कमी होते, मग घातामुळे तीनपट होते, हिशोब √३ वरच येतो. पण हे हात आणि डोळा इकडेतिकडे होण्याने येणाऱ्या चुकीपुरतं. स्क्रू गेजचा झीरो एरर तिन्ही रीडिंगांत तोच असतो. ०.००५ सेमीचा झीरो एरर वजा करायचा राहिला तर d एक टक्क्याने वाढतो आणि Y तीन टक्क्यांनी पडतो. तीन काय, तीस रीडिंग्ज घेतली तरी तो तिथेच बसून राहील आणि ± च्या आकड्यात दिसणारही नाही.

भोसरी_क्वालिटी
झीरोचं पटलं. पण मॅक्सिमम एरर लिहिणं मला तरी अजून पटत नाही.

बहिर्वक्र
धाग्याशी संबंधित आहे म्हणून इथेच विचारतो. मुलीच्या बारावीच्या क्लासच्या नोट्समध्ये भिंगाचं f = uv/(u+v) हे सूत्र आहे. u ३० सेमी, v ६० सेमी, दोन्हींत ०.२. नोट्सप्रमाणे Δu/u, Δv/v आणि (Δu+Δv)/(u+v) या तिघांची बेरीज करून १.४४ टक्के येतात. पण 1/f = 1/v + 1/u वरून मी केलं तर ०.५६ टक्के. मी बँकेत आहे, फिजिक्स सोडून बरीच वर्षं झाली. पण दोन उत्तरं अडीच पटीने वेगळी कशी?

खडूफळा
तुमचे ०.५६ बरोबर.

नोट्समध्ये चिन्हं टाकायची घाई झाली आहे. लॉग घेतल्यावर u दोनदा येतो: एकदा log u मध्ये अधिक चिन्हाने, एकदा log(u+v) मध्ये वजा चिन्हाने. दोन्ही ठिकाणी Δu तोच. म्हणून आधी Δu ची सगळी पदं एकत्र करायची, त्यांच्यातली वजाबाकी होऊ द्यायची, आणि मगच चिन्ह टाकायचं.

Δu (1/u − 1/(u+v)) = 0.2 (1/30 − 1/90) = 0.0044

v चं तसंच केलं की ०.००११. बेरीज ०.५६ टक्के, तुमच्या उत्तराशी तंतोतंत. नोट्समधली रीत एकच u एका जागी वाढवते आणि दुसऱ्या जागी कमी करते.

एकच राशी वर आणि खाली दोन्हीकडे दिसली, किंवा लॉगच्या आत बेरीज दिसली, की थांबावं. लॉग गुणाकार फोडतो, बेरीज फोडत नाही.

सोनचाफा_२३
मग भिंग ऑप्टिकल बेंचवर असेल तर u आणि v दोन्ही भिंगाच्या एकाच जागेवरून मोजतात. तिचं रीडिंग चुकलं तर u वाढेल तेवढा v कमी होईल. Δu आणि Δv स्वतंत्र तरी कसे?

खडूफळा
नाहीतच. भिंगाच्या जागेची चूक असेल तर दोघांची पदं एकमेकांतून वजा होतात. वस्तू आणि पडद्याच्या जागांच्या चुका मात्र स्वतंत्र. पडद्यावर प्रतिमा नेमकी कुठे ठळक झाली हे ठरवण्यातली चूक यांत कशी मिसळते, यावर माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही. बारावीला ०.५६ पुरे.

सोनचाफा_२३
माझ्या δ कडे परत येते. सर म्हणतात लीस्ट काउंट एकदाच धरा, ०.००१, म्हणजे एकूण २.४ टक्के. तुम्ही दोनदा धरता. जर्नलमध्ये काय लिहू?

खडूफळा
सर तपासणार आहेत, तर त्यांच्या रीतीने लिही, आणि खाली एक ओळ टाक की δ दोन रीडिंगांचा फरक आहे. त्यापेक्षा वजन वाढव. एक किलो टांगलंस तर δ सुमारे ०.१८८ सेमी होईल आणि ०.००२ चे टक्के निम्म्यावर, १.०६ वर येतील. पट्टी एवढ्याने कायमची वाकणार नाही. फक्त वजन काढल्यावर मायक्रोस्कोपमध्ये टोक मूळ रीडिंगवर परत येतंय का ते बघ.

सोनचाफा_२३
सोमवारी अर्धा-अर्धा किलो वाढवत अडीच किलोपर्यंत जाते आणि M विरुद्ध δ ग्राफ काढते. पण मग सूत्रात δ/M च्या जागी स्लोप येणार. त्याची त्रुटी कोणती धरायची, लीस्ट काउंटवरून तर काढता येणार नाही?

भोसरी_क्वालिटी
एक्सेलमध्ये LINEST. स्लोपची स्टँडर्ड एरर थेट देतं.

खडूफळा
जर्नलमध्ये एक्सेल चालत नसेल तर बिंदूंना धरून जास्तीत जास्त उभी आणि जास्तीत जास्त आडवी बसणारी अशा दोन रेषा काढ. दोघींच्या स्लोपमधल्या फरकाचा अर्धा भाग ही त्रुटी. स्लोप सूत्रात पहिल्याच घातात आहे, त्यामुळे तिचे टक्के जसेच्या तसे मिळव.